पहिला पगार, शिल्लक शून्य: आधी राखीव पैसा, आधी कर्जफेड की आधी गुंतवणूक?

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्याने रुजू झालेली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली. हातात वहीचं फाडलेलं पान. त्यावर तीन ओळी: क्रेडिट कार्डाची थकबाकी, शिक्षणकर्ज, आणि तिसरी ओळ ‘गुंतवणूक’, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. खात्यात शिल्लक काहीच नाही. महिन्याअखेर जे थोडे उरतील ते या तिघांपैकी कुणाला द्यायचे, एवढाच तिचा प्रश्न होता. मी हिशेब खात्यात काम करते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच. तिच्याबरोबर बसून जो क्रम आम्ही लावला, तोच इथे पायरीपायरीने मांडते.

आकडे कुणालाही आपले वाटावेत म्हणून एक सोय करू. हातात पडणारा महिन्याचा पगार म्हणजे १०० भाग. बाकी सगळं त्याच मापात. तुमचा पगार कितीही असो, तुमची रक्कम पगाराने भागून १०० ने गुणली की तुमचे भाग निघतील.

तिचा हिशेब असा होता. भाडं, जेवणखाण, प्रवास, फोन आणि घरी पाठवायचे पैसे मिळून ६२ भाग. शिक्षणकर्जाचा हप्ता ८. म्हणजे काहीही झालं तरी द्यावेच लागतील असे ७० भाग. कपडे, बाहेर जाणं, मैत्रिणींचे वाढदिवस यांना १०. उरले २०. कार्डावर १२० भाग थकलेले, महिना ३ टक्के व्याजाने. शिक्षणकर्ज ५०० भागांचं, वर्षाला ९ टक्के, मुदत सात वर्षांची. लढाई जी काही करायची ती त्या २० भागांत.

पहिली पायरी: कागद, आणि एकही हप्ता न चुकवणं

सगळ्यात आधी कर्जांची यादी करा. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहा: किती बाकी आहे, वर्षाला किती टक्के व्याज, आणि दर महिन्याला कमीत कमी किती भरावं लागतं. यादी व्याजदराप्रमाणे लावा, रकमेप्रमाणे नाही. मोठं कर्ज बघून छाती दडपते, पण पगार कुरतडतं ते महाग कर्ज. तिच्याकडे शिक्षणकर्ज कार्डाच्या चौपटीहून मोठं होतं आणि तिची सगळी धास्ती त्याचीच होती. प्रत्यक्षात ५०० भागांच्या शिक्षणकर्जावर पहिल्या महिन्याचं व्याज पावणेचार भाग होत होतं आणि १२० भागांच्या कार्डावर ३.६. चौथ्या हिश्श्याएवढं कर्ज, व्याज जवळपास तेवढंच.

महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत गेलं तर वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. व्याजदर महिन्याचा सांगितला असेल तर आधी वर्षाचा करून घ्या, म्हणजे तुलना खरी होते. दुसरी एक फसगत सपाट दराची. ‘१२ टक्के फ्लॅट’ म्हणजे मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज, तुम्ही मुद्दल फेडत आणलंत तरीही. वर्षभराच्या अशा कर्जाचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. विचारायचा प्रश्न एकच: ‘हा दर घटत्या शिलकीवर आहे का?’

कुठलीही कमीत कमी रक्कम चुकवायची नाही, हे या क्रमातलं पहिलं कलम. एक हप्ता चुकला की दंड लागतो, पतनोंद खराब होते, आणि पुढे स्वस्त कर्ज हवं असेल तेव्हा ते मिळत नाही. शिक्षणकर्जाचे हप्ते अजून सुरू झाले नसतील तर ते कधी सुरू होणार ती तारीख शोधा, आणि दरम्यान व्याज चढतंय का तेही विचारा. बहुतेक वेळा चढत असतं, आणि सवलतीचा काळ संपला की ते मुद्दलात मिसळलेलं दिसतं.

याच दिवशी कार्डाचा वापर थांबवा. कार्ड बंद करू नका, वापर थांबवा. थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदी केली त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे थकबाकी असताना कार्डावर घेतलेली साधी बसची तिकिटंसुद्धा महागड्या कर्जाने घेतलेली असतात. ॲपमध्ये साठवून ठेवलेला कार्डाचा नंबर काढून टाका. तिने तेवढंच केलं आणि दुसऱ्या महिन्यापासून नवी भर थांबली.

कामाच्या ठिकाणी निवृत्तीच्या खात्यात तुम्ही टाकाल तेवढीच भर मालक टाकणार असेल, तर ती भर पूर्ण मिळेल इतकंच याच पायरीवर टाका. घातलेल्या पैशाची तिथल्या तिथे दामदुप्पट होते, आणि कुठल्याही कार्डाचं वर्षाचं व्याज १०० टक्के नसतं. मात्र मालकाचा वाटा किती वर्षांच्या नोकरीनंतर तुमचा होतो ते विचारून घ्या. वर्षभरात नोकरी बदलण्याचा बेत असेल आणि वाटा तीन वर्षांनी हाती येणार असेल, तर ही दामदुप्पट कागदावरच राहील. आमच्या या मुलीच्या बाबतीत सक्तीची कपात होऊन गेल्यावरचा पगार म्हणजे हे १०० भाग होते, आणि वरची ऐच्छिक सोय नव्हती.

दुसरी पायरी: अर्ध्या महिन्याची छोटी राखीव

इथे ती अडली. ‘ताई, कार्डावर ३ टक्के व्याज भरायचं आणि पैसे बँकेत नुसते ठेवायचे? हे उलटं नाही का?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत दिलं पाहिजे. समजा तिने राखीव काही ठेवली नसती आणि पहिल्या महिन्यापासून २० चे २० भाग कार्डात भरले असते. सातव्या महिन्यात कार्ड संपलं असतं, व्याज गेलं असतं साधारण १४ भाग. आम्ही केलं ते असं: पहिल्या दोन महिन्यांत कार्डाची किमान रक्कम, म्हणजे सहाएक भाग, भरायची आणि उरलेले चौदाएक राखीवेत टाकायचे. तिसऱ्या महिन्यात ७ भाग टाकून राखीव ३५ ला आणायची, आणि बाकीचे १३ कार्डात. चौथ्यापासून पूर्ण २० कार्डात. या वाटेने कार्ड नवव्या महिन्यात संपलं आणि व्याज गेलं जवळपास २२ भाग. फरक सात-साडेसात भागांचा.

म्हणजे छोटी राखीव आधी उभी करण्याची किंमत साडेसात भाग, नऊ महिन्यांत मिळून. ती द्यायची की नाही हे, त्या राखीवेने कोणतं संकट टळतं त्यावर ठरतं. फोन फुटला, दात काढावा लागला, असल्या खर्चाला राखीव नसली तरी कार्ड चालतं. तेवढ्यासाठी राखीव ठेवायचं कारण नाही. पण भाडं बहुधा कार्डाने देता येत नाही. शिक्षणकर्जाचा हप्ता कार्डाने भरता येत नाही. कार्डावरून रोख काढली तर वेगळं शुल्क लागतं आणि त्याच क्षणापासून व्याज. शिवाय पत कमी झालीय असं वाटलं तर बँक कार्डाची मर्यादा खाली आणू शकते, आणि ते नेमकं तुम्ही अडचणीत असतानाच होतं. पगार उशिरा झाला, प्रोबेशनमध्ये नोकरी गेली, तर लागते ती खात्यातली रोख. छोट्या राखीवेचं काम तेवढंच, म्हणून तिचा आकारही तेवढाच: द्यावेच लागणाऱ्या ७० भागांच्या निम्मे, ३५.

पाचव्या महिन्यात तिचा पगार अकरा दिवस उशिरा झाला. भाडं आणि हप्ता त्याच आठवड्यात होते. ३५ मधले २८ काढले, दोन्ही वेळेवर दिले, पगार आल्यावर आधी ते २८ परत भरले. त्या महिन्यात जादा व्याजाचं किंवा दंडाचं काही लागलं नाही.

तुमचं घर त्याच गावात असेल आणि भाडं नसेल, तर ३५ ऐवजी १५ भागांतही भागेल. उलट पगार अनियमित असेल, किंवा घरातलं कुणी तुमच्यावरच अवलंबून असेल, तर पूर्ण महिन्याची राखीव करा. त्यापुढे मात्र जाऊ नका. महाग कर्ज डोक्यावर असताना सहा महिन्यांची राखीव साठवत बसणं म्हणजे महिना ३ टक्के देऊन रोख सांभाळणं.

राखीव पगाराच्या खात्यात ठेवू नका. तिथे ती दिसत राहते आणि खर्च होते. वेगळं बचत खातं, त्याचं कार्ड घरात ठेवलेलं, आणि पैसे त्याच दिवशी काढता येतील असं.

तिसरी पायरी: महाग कर्ज संपवणं

आता सगळा जोर एकाच ठिकाणी. बाकी सगळ्यांची किमान रक्कम, आणि उरेल तो प्रत्येक पैसा सर्वात जास्त दराच्या कर्जात. ते संपलं की त्याचा मोकळा झालेला हप्ता यादीतल्या खालच्या कर्जात.

किमान रक्कम भरत राहिलं तर काय होतं ते एकदा बघून घ्या, कारण कार्डाच्या बिलावर ठळक अक्षरांत तीच छापलेली असते. १२० भागांची थकबाकी, महिना ३ टक्के व्याज, आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के. महिन्याला ३ टक्के चढतात आणि ५ टक्के उतरतात, म्हणजे कर्ज जेमतेम २ टक्क्यांनी सरकतं. वर्षभरात तिने ६६ भाग भरले असते आणि थकबाकी १२० वरून ९२ वर आली असती. भरलेल्या ६६ पैकी ३८ निव्वळ व्याज. आणि किमान रक्कम बाकीबरोबर लहान होत जाते, म्हणून पुढची वर्षं आणखी रेंगाळतात. यावर साधा उपाय: किमान रकमेच्या मागे जाऊ नका, स्वतःचा एक आकडा ठरवा आणि बाकी कमी झाली तरी तो कमी करू नका. तिचा आकडा २० होता. चौथ्या महिन्याअखेर ८९ बाकी, सहाव्याअखेर साडेत्रेपन्न, आठव्याअखेर १६, आणि नवव्या महिन्यात उरलेले १७ भरून शून्य. वर तीनेक भाग शिल्लक पडले ते राखीवेत गेले.

कार्डाची बाकी स्वस्त कर्जात बदलून घेता येते का, हे जरूर विचारा. महिना ३ टक्क्यांचं महिना सव्वा-दीड टक्क्यावर आलं तर व्याज निम्म्यावर येतं. तीन गोष्टी तपासा: दर घटत्या शिलकीवरचा आहे का, प्रक्रिया शुल्क किती, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. पण या बदलात एक धोका आहे, आणि तो मी अनेकांच्या बाबतीत पाहिलाय. बाकी कर्जात गेली की कार्ड रिकामं दिसतं. सहा महिन्यांनी कर्जाचा हप्ताही चालू आणि कार्डही पुन्हा भरलेलं. कार्डाचा वापर तीन महिने खरोखर थांबलेला असेल, तरच हे करा.

मित्राकडून किंवा नातेवाइकाकडून बिनव्याजी घेतलेले पैसे व्याजदराच्या यादीत सर्वात खाली बसतात. तिथेच ठेवा, पण त्यांना तारीख सांगा. दरमहा दोन भाग ठरवून दिले तरी माणूस समजून घेतो. काहीच न कळवता गप्प बसलात तर नाही.

मुदत संपलेली, वसुलीवाल्यांपर्यंत गेलेली कर्जं असतील तर मात्र हा क्रम जसाच्या तसा लावू नका. तिथे आधी कर्ज देणाऱ्याशी लेखी बोलणं, हप्ते नव्याने बांधून घेणं, आणि मगच बाकीचं.

चौथी पायरी: पूर्ण राखीव

महाग कर्ज संपलं. शिक्षणकर्ज ९ टक्क्यांनी चालू आहे, राखीव ३८ भागांची आहे आणि महिन्याला २० मोकळे झालेत. इथे बहुतेकांची घाई शिक्षणकर्जाकडे नाहीतर शेअर बाजाराकडे वळते. मी राखीव आधी पूर्ण करायला सांगते, आणि त्याचं कारण व्याजात नाही. शिक्षणकर्जात जादा भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. तुम्ही १०० भाग जादा भरलेत आणि पुढच्या महिन्यात नोकरी गेली, तरी बँकेला या महिन्याचा हप्ता हवाच असतो. बाजारातला पैसा परत मिळतो, पण मंदीत नोकऱ्या जातात तेव्हाच बाजारही पडलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तोट्यात विकून भाडं द्यावं लागतं.

किती महिन्यांची राखीव, हे ठरवताना पगार धरायचा नाही, द्यावाच लागणारा खर्च धरायचा. तिचा ७० भागांचा होता. एकटी, कौशल्याला बाजारात मागणी, गरज पडली तर आईवडिलांकडे राहता येणार: तीन महिने, म्हणजे २१० भाग. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, किंवा तुमच्या क्षेत्रात नोकरी मिळायला सहा महिने लागत असतील, तर सहा महिने. आपल्या आधीच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना विचारा, की नोकरी सुटल्यापासून पुढची लागेपर्यंत किती दिवस गेले. कुठल्याही ठोकताळ्यापेक्षा ते उत्तर उपयोगाचं.

दहाव्या, अकराव्या, बाराव्या महिन्यात २०-२० टाकून राखीव ९८ वर गेली. तेराव्या महिन्यात पगार १० भागांनी वाढला. वाढीव पगाराचा पहिला महिना हा या सगळ्या क्रमातला सर्वात मोलाचा महिना आहे, कारण त्या पैशाची सवय अजून लागलेली नसते. तिने दहातले दोन स्वतःच्या खर्चाला ठेवले आणि आठ राखीवेकडे वळवले. २८-२८ च्या वेगाने सोळाव्या महिन्यात २१० भाग पूर्ण झाले. जुन्याच वेगाने गेली असती तर अठरावा महिना उजाडला असता.

२१० चे सगळे बचत खात्यात ठेवायची गरज नाही. एका महिन्याचा खर्च तिथे, बाकीचा लहान लहान मुदत ठेवींत, कधीही मोडता येतील अशा. एक मोठी ठेव करू नका, थोड्यासाठी सगळी मोडावी लागते. या पैशाचं व्याज महागाईलाही पुरणार नाही. चालेल. त्याच्याकडून वाढीची अपेक्षाच नाही.

राखीव चुकतेय हे ओळखायची एक खूण आहे. तीन महिन्यांत दोनदा एकाच प्रकारच्या खर्चासाठी राखीव काढली, तर ते संकट नव्हतं. तो आधीपासून ठाऊक असलेला, पण हिशेबात न धरलेला खर्च होता: वर्षाचा विमा हप्ता, गाडीची दुरुस्ती, भावाच्या परीक्षेची फी. असे वर्षातून एकदा येणारे खर्च मोजा, बाराने भागा, आणि तेवढे दरमहा वेगळे काढा.

याच पायरीवर आरोग्य विम्याकडे बघा. रुग्णालयाचं एक मोठं बिल २१० भागांना सहज पुरून उरतं. कामाच्या ठिकाणचा विमा चांगला असला तरी बहुधा नोकरीबरोबर संपतो, म्हणजे राखीवेची गरज लागते त्याच दिवशी. परवडत असेल तर स्वतःचा छोटा विमा घ्या. कुणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल तरच आयुर्विमा, आणि तोही निव्वळ मुदतीचा. पगाराचं खातं उघडलं की विमा आणि गुंतवणूक एकत्र विकणारे फोन येऊ लागतात. त्या योजनांत हप्ते वर्षानुवर्षं बांधलेले असतात, आणि पहिल्या काही वर्षांत बंद केल्या तर भरलेल्यातला मोठा हिस्सा जातो. ज्याच्याकडे अजून तीन महिन्यांची राखीव नाही, त्याने पंधरा वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नये. हे मी अगदी आग्रहाने सांगते.

पाचवी पायरी: मधलं कर्ज आणि गुंतवणूक

आता महिन्याला २८ भाग मोकळे आणि शिक्षणकर्ज ४२७ भाग बाकी. इथे सर्वांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. ९ टक्क्यांचं कर्ज आधी फेडलं, तर ९ टक्के खात्रीने वाचतात. बाजारातला पैसा लांबच्या मुदतीत त्याहून जास्त वाढू शकेल, पण खात्री नाही. म्हणून मी असं पाहते: कर्जाचा दर बँकेच्या मुदत ठेवीच्या दराएवढा किंवा त्याहून कमी असेल, तर हप्ता चालू ठेवा आणि मोकळा पैसा गुंतवा. ठेवीच्या दराहून पाच-सहा टक्क्यांनी जास्त असेल, तर आधी फेडा. मधे कुठेतरी असेल तर अर्धे-अर्धे. तुमच्याकडे शिक्षणकर्जाच्या व्याजावर करात सूट मिळत असेल तर ती वजा करून मगच दर धरा, कधी कधी त्यानेच निकाल बदलतो.

तिचं कर्ज मधल्या पट्ट्यात बसत होतं. १४ जादा कर्जात, १४ गुंतवणुकीत. जादा पैसे भरताना बँकेला लेखी सांगावं लागतं, की मुदत कमी करा, हप्ता नको. नाहीतर पुष्कळदा हप्ता लहान होतो, मुदत तशीच राहते आणि फायदा विरून जातो. पुढच्या महिन्याच्या खातेउताऱ्यात जादा रक्कम मुद्दलातून वजा झालेली दिसतेय का, तेही पाहा. ती ‘पुढचा हप्ता आगाऊ’ म्हणून जमा दाखवली असेल, तर बँकेत जाऊन दुरुस्त करून घ्या. दरमहा १४ जादा गेले तर उरलेले ६८ हप्ते २१ महिन्यांत संपतात, आणि व्याजाचे ८३ भाग वाचतात.

गुंतवणुकीचे १४ कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप. सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असाच पैसा तिथे जावा. त्याहून जवळची गरज असेल तर तो पैसा ठेवीत.

‘सोळा महिने गुंतवणूक केली नाही, चक्रवाढीचं नुकसान झालं नाही का?’ हे तिने विचारलं होतं. वर्षभर महिना १४ गुंतवले तर १६८ होतात. परतावा ६ टक्के मिळाला काय आणि १२ टक्के मिळाला काय, वर्षाअखेर फरक साडेपाच भागांचा, एका महिन्याच्या रकमेच्या निम्माही नाही. पहिल्या वर्षांत रक्कमच लहान असते, त्यामुळे परतावा काही मोठा घडवत नाही. चक्रवाढ त्या काळातही जोरात चालू होती, फक्त ती कार्डावर, तिच्या विरुद्ध, तिप्पट वेगाने. ती आधी थांबवली.

क्रम उलटा फिरतो तेव्हा

या पायऱ्या एकदा चढल्या की संपल्या असं नसतं. राखीव वापरावी लागली तर गुंतवणुकीची मासिक रक्कम थांबवा, आधी घातलेली विकू नका. कर्जातलं जादा भरणंही थांबवा, किमान हप्ता चालू ठेवा. राखीव पूर्ववत झाली की पुन्हा होतात तिथून.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा येऊन बसली. दुसरीकडे नोकरी मिळालीय, पगार बराच जास्त, पण सहा महिने प्रोबेशन आणि मधले वीस दिवस बिनपगारी. शिक्षणकर्जात आठ महिने जादा भरून झालेत आणि उरलेलं लवकर संपवायची तिला ओढ होती. आम्ही पुन्हा कागद घेतला. त्या वीस दिवसांचा खर्च राखीवेतूनच जाणार, नव्या ठिकाणचा विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो की नाही हे अजून कळलेलं नाही, आणि प्रोबेशनमध्ये नोटीस फक्त पंधरा दिवसांची. तिने जादा हप्त्याची सूचना रद्द केली, फंडातले १४ सहा महिन्यांसाठी थांबवले, आणि दोन्ही मिळून २८ भाग पुढच्या पगारापासून राखीवेच्या खात्याकडे वळवले. नव्या ठिकाणी फोन करून विम्याची तारीख विचारायची, हे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ती जागेवर गेली.